अंदाजावर आलेलं ब्रॉडबँड बिल आणि न सांगितलेलं इन्स्टॉलेशन शुल्क: तक्रारपत्र कसं लिहावं

बिल फुगलेलं दिसलं की हात आधी फोनकडे जातो. समोरचा "सिस्टिममध्ये तसंच दिसतंय" म्हणतो, तक्रार नोंदवल्याचा मेसेज येतो आणि दोन दिवसांनी ती 'निकाली' निघाल्याचाही येतो. याचं कारण फोनवर आपण एकच वाक्य बोललेले असतो: बिल जास्त आलंय. या वाक्याला उत्तर देणं सोपं असतं. "१९ जुलैला मशीन बदललं, मग त्याआधीच्या बंद सहा दिवसांचा वापर कुठून आला?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर कुणालातरी नोंद उघडावी लागते. तक्रारपत्राचं काम एवढंच, की कंपनीला ती नोंद उघडायला लावायची.

नागपूरच्या मानेवाडा भागातलं एक घर धरून चालू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण असं बिल हातात पडलेल्यांना ते ओळखीचे वाटतील. जोडणी ९ जूनला झाली. प्लॅन महिना ८९९ रुपयांचा, पहिला महिना डेटाला मर्यादा नाही, १ जुलैपासून ४०० जीबीची मर्यादा आणि त्यावर प्रत्येक जीबीला ६ रुपये. १४ जुलैला पहाटे वीज कडाडली आणि ओएनटी, म्हणजे फायबरची तार जिथे घुसते ती भिंतीवरची डबी, जळाली. १९ तारखेला संध्याकाळी कंपनीच्या माणसाने नवी बसवली. ५ ऑगस्टला जुलैचं बिल आलं: भाडं ८९९, जादा वापर १८६ जीबीचे १,११६, इन्स्टॉलेशन चार्ज १,५००. बेरीज ३,५१५, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३२.७०, एकूण ४,१४७.७० रुपये. वापराच्या रकान्यात ५८६ जीबी आणि शेजारी बारीक अक्षरात 'अंदाजित'. बिल भरायची शेवटची तारीख २० ऑगस्ट.

आधी बिलाचे तुकडे करा

पत्राला हात घालण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. भाडं आणि त्यावरचा जीएसटी मिळून १,०६०.८२. जादा वापर आणि त्यावरचा जीएसटी मिळून १,३१६.८८. इन्स्टॉलेशन आणि त्यावरचा जीएसटी मिळून १,७७०. तिन्हींची बेरीज ४,१४७.७० यायला हवी. येत नसेल तर मागची थकबाकी किंवा विलंब शुल्क कुठेतरी दडलेलं आहे, ते आधी शोधा.

पहिली ओळ आपल्याला मान्य आहे. दुसरी आणि तिसरी अमान्य आहे, पण वेगवेगळ्या कारणांनी. जादा वापराचा पुरावा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. इन्स्टॉलेशनचा पुरावा आपण सही केलेल्या फॉर्मवर आणि वर्क ऑर्डरवर असतो. दोन्ही एकाच परिच्छेदात घातल्या की कंपनी सोप्या ओळीला उत्तर देते आणि अवघड ओळ तशीच सोडते. जीएसटीही तक्रारीत धरायचा, कारण मूळ रक्कम चुकीची असेल तर तिच्यावरचा करही चुकीचा ठरतो. कित्येक पत्रांत फक्त १,११६ आणि १,५०० मागितलेले असतात आणि ४७० रुपये ८८ पैसे फुकट जातात.

अंदाज कुठून आला, त्याचा माग काढा

राउटर इंटरनेटला जोडला गेला की एक सेशन सुरू होतं. ते कधी सुरू झालं, कधी संपलं, त्यात किती डेटा आला आणि किती गेला, याची नोंद कंपनीच्या रेडियस सर्व्हरवर होते. बिल या नोंदींची बेरीज करून बनतं. एरवी हे सुरळीत चालू असतं, पण डबी बदलल्यावर नवी मशीन जुन्या ग्राहक खात्याला नीट जोडली गेली नाही, किंवा वीज गेल्यामुळे सेशन संपल्याची नोंदच पोचली नाही, तर बेरजेत भोक पडतं. ते भोक बुजवायला बिलिंगची यंत्रणा मागची सरासरी वापरते. म्हणून अंदाजित वापर दिसला की आपल्या खात्यावर गेल्या महिन्याभरात काय बदललं ते आठवा: मशीन, प्लॅन, घराचा पत्ता.

मग मागच्या बिलातला वापर घ्या. आपल्या उदाहरणात जूनच्या बिलात २२ दिवसांचे ४१६ जीबी आहेत. ४१६ ला २२ ने भागलं की रोजचे १८.९ जीबी येतात आणि त्याला ३१ ने गुणलं की ५८६. आकडा तंतोतंत जुळला, म्हणजे कंपनीने जुलैचं काहीच मोजलेलं नाही, जूनचीच सरासरी ताणली. हे गणित दोन मिनिटांचं आहे आणि पत्रातली सगळ्यात जड ओळ त्यातून निघते.

जुळलं नाही तर आणखी दोन गोष्टी करून पाहा. मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढा, किंवा जुलैत जेवढे दिवस मोजले गेले त्यांची सरासरी ३१ दिवसांवर पसरवा. तरी जुळत नसेल तर 'अंदाज कोणत्या पद्धतीने काढला' एवढंच विचारा, तर्क लढवू नका. चुकीचा तर्क पत्रात गेला की उत्तर त्या तर्कालाच मिळतं.

आता जूनची सरासरी जुलैला का लागू पडत नाही? एक, जूनमध्ये मर्यादाच नव्हती, आणि नवं इंटरनेट आलं की मोबाइलमधले फोटो क्लाउडवर चढवणं, टीव्ही आणि लॅपटॉपचे अपडेट हे सगळं पहिल्या पंधरा दिवसांत होऊन जातं. दोन, १४ ते १९ जुलै लाइन बंद होती, तरी सरासरीला ३१ ने गुणलंय. पहिलं कारण पटवावं लागतं. दुसरं कंपनीनेच बंद लाइनच्या तक्रारीला दिलेल्या डॉकेट नंबरने सिद्ध होतं, म्हणून पत्रात ते आधी.

आपल्याकडचा आकडा, आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवावा

कंपनीच्या ॲपमध्ये रोजच्या वापराचा आलेख असतो. बिल आल्या दिवशीच त्याचे स्क्रीनशॉट काढा, कारण जुना महिना कधी दिसेनासा होईल सांगता येत नाही. समजा त्यात १ ते १३ जुलैचे १४८ जीबी दिसतात आणि त्यापुढे आलेख कोरा आहे. हा कोरा भागच आपला पुरावा आहे. तो लपवू नका, उलट स्क्रीनशॉटवर गोल करा.

२० ते ३१ जुलैसाठी राउटरमधला आकडा उपयोगी पडतो. राउटरच्या पानावर (बहुधा `192.168.1.1`, नाहीतर डबीच्या मागच्या लेबलवर पत्ता असतो) वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या, आकडेवारीत आलेला आणि गेलेला डेटा दिसतो. समजा ३१ तारखेच्या रात्री दोन्ही मिळून १३२ जीबी दिसले. या आकड्याचे दोन दोष माहीत असू द्या. लाइट गेली की तो शून्यावर येतो, आणि पावसाळ्यात लाइट जायला निमित्त लागत नाही. दुसरं, काही मशीनमधला मोजणारा ४.२९ जीबीला भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. महिनाभर वापरूनही तिथे दोन-तीन जीबीच दिसत असतील तर तो आकडा पत्रात घालू नका. १३२ घालायला हरकत नाही, पण 'राउटरवर दिसलेला' असं म्हणूनच.

१४८ आणि १३२ मिळून २८० होतात, म्हणजे ४०० च्या बरेच आत. तरी आपला आकडा सिद्ध करणं ही आपली जबाबदारी नाही. पैसे कंपनी मागते आहे, त्यामुळे मोजमाप तिने दाखवायचं. इंटरनेट परवान्याच्या अटींनुसार २०२१ पासून वापराच्या अशा नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवाव्या लागतात, तेव्हा महिन्याभरात "डेटा उपलब्ध नाही" हे उत्तर टिकत नाही.

आणखी एक पाहा. डेटा मर्यादा असलेल्या प्लॅनमध्ये वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला कळवायचं, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, ऑक्टोबर २०१६ चा निर्देश आहे. जुलैत असा एकही मेसेज आला नसेल तर ४०० जीबी ओलांडल्याचं कंपनीच्या यंत्रणेलाही दिसलं नव्हतं.

इन्स्टॉलेशनच्या १,५०० चं मूळ

हा आकडा चार ठिकाणांहून येऊ शकतो, आणि पत्रात कोणता आरोप करायचा ते त्यावर ठरतं. पहिली शक्यता अशी, की जोडणी मोफत होती पण सहा महिन्यांचं आगाऊ भाडं भरल्यास, आणि ही अट विक्री करणाऱ्याने सांगितलीच नाही. दुसरी, १९ जुलैला जळालेली डबी बदलायला आलेल्या माणसाने काम बंद करताना ॲपमध्ये 'दुरुस्ती' ऐवजी 'नवी जोडणी' निवडलं. हे फार वेळा होतं. तिसरी, ही राउटरची अनामत आहे आणि चुकीच्या नावाने लागली. चौथी, ९ जूनला स्थानिक केबलवाल्याने रोख घेतलेले पैसे कंपनीकडे जमाच झाले नाहीत.

फरक ओळखायला बिलातली तारीख आणि कर पाहा. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागत नाही, इथे लागलाय, म्हणजे कंपनी तिला सेवेचं शुल्कच मानते. शुल्काची तारीख ९ जून असेल तर ते जूनच्या बिलात का नव्हतं हा प्रश्न, आणि १९ जुलै असेल तर डबी बदलणं म्हणजे इन्स्टॉलेशन कसं हा प्रश्न. तारीखच नसेल तर तारीख मागणं हीच पहिली मागणी.

जोडणीच्या वेळी भरलेल्या ग्राहक अर्जाची, म्हणजे सीएएफची, प्रत तुमच्याकडे नसेल तर ती पत्रातच मागा. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं प्लॅनचं चित्र असेल तर तेही जोडा. त्यावर 'फ्री इन्स्टॉलेशन' लिहिलेलं असतं आणि खाली चांदणी करून अटी असतात. त्या आधी स्वतः वाचा. अट तुमच्या विरुद्ध जात असेल तर तिसऱ्या ओळीचा हट्ट सोडून फक्त दुसरी लढवणं शहाणपणाचं.

पत्र

मराठीत लिहा, हरकत नाही. फक्त बिलातल्या ओळींची नावं बिलात आहेत तशीच घाला, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. पत्र कंपनीच्या नावाने लिहायचं, केबलवाल्याच्या नाही. बिलावर ज्याचा जीएसटी क्रमांक, तोच पैसे मागणारा. स्थानिक फ्रँचायझीला प्रत द्या.

> प्रति,
> तक्रार निवारण विभाग,
> (बिलावरील कंपनीचं नाव आणि पत्ता)
>
> दि. ८ ऑगस्ट
>
> विषय: ग्राहक क्र. ______, बिल क्र. ______, दि. ५ ऑगस्ट. 'अंदाजित वापर' आणि 'इन्स्टॉलेशन चार्ज' मिळून ३,०८६.८८ रुपयांबाबत तक्रार. डॉकेट क्र. ______.
>
> महोदय,
>
> वरील बिलाची एकूण रक्कम ४,१४७.७० रुपये आहे. त्यापैकी मासिक भाडं ८९९ रुपये आणि त्यावरील जीएसटी मिळून १,०६०.८२ रुपये मला मान्य असून ते मी आज भरले आहेत (व्यवहार क्र. ______). उरलेल्या ३,०८६.८८ रुपयांबाबत ही तक्रार आहे.
>
> १. अंदाजित वापर, जीएसटीसह १,३१६.८८ रुपये. बिलात जुलैचा वापर ५८६ जीबी, 'अंदाजित' असा दाखवला आहे. आपल्या जूनच्या बिलातील २२ दिवसांच्या ४१६ जीबीची सरासरी ३१ दिवसांनी गुणल्यास हाच आकडा येतो. १४ ते १९ जुलै माझी सेवा पूर्ण बंद होती (डॉकेट क्र. ______). त्या सहा दिवसांचाही वापर यात धरला आहे. जून महिन्यात प्लॅनला डेटा मर्यादा नव्हती, त्यामुळे तो महिना जुलैसाठी आधार होऊ शकत नाही. ॲपमध्ये १ ते १३ जुलैचा वापर १४८ जीबी दिसतो, त्यापुढील नोंद नाही. २० ते ३१ जुलैचा राउटरवर दिसलेला वापर १३२ जीबी आहे. मर्यादेजवळ पोचल्याचा कोणताही मेसेज मला मिळालेला नाही.
>
> कृपया १ ते ३१ जुलैची सेशननिहाय नोंद (सुरुवात, शेवट, डाउनलोड, अपलोड) द्यावी. प्रत्यक्ष मोजलेला वापर दाखवता येत नसल्यास ही आकारणी रद्द करावी.
>
> २. इन्स्टॉलेशन चार्ज, जीएसटीसह १,७७० रुपये. माझी जोडणी ९ जूनला झाली. जूनच्या बिलात हे शुल्क नव्हतं. १९ जुलैला फक्त जळालेला ओएनटी बदलण्यात आला. कृपया या शुल्काची तारीख, वर्क ऑर्डर क्रमांक आणि मी ते मान्य केल्याचं दाखवणारी ग्राहक अर्जाची प्रत द्यावी. ती नसल्यास शुल्क रद्द करावं.
>
> दुरुस्त रकमेची क्रेडिट नोट द्यावी. निर्णय होईपर्यंत वादातील रकमेसाठी सेवा बंद करू नये व विलंब शुल्क लावू नये.
>
> या पत्राचं लेखी उत्तर मुद्देनिहाय मिळावं.
>
> आपला/आपली,
> (नाव, पत्ता, मोबाइल)
>
> सोबत: जून व जुलैची बिलं, ॲप व राउटरचे स्क्रीनशॉट, बंद सेवेच्या डॉकेटचे मेसेज, प्लॅनचं चित्र, भरलेल्या रकमेची पावती.

या पत्रात मुद्दाम एक गोष्ट घातलेली नाही. कंपनीचीच सरासरी लाइन चालू असलेल्या पंचवीस दिवसांना लावली तर ४७३ जीबी येतात, म्हणजे जादा वापर ७३ जीबी आणि ४३८ रुपये. हा आकडा पहिल्या पत्रात लिहिला की कंपनी तो धरून बसते आणि नोंद दाखवायचं राहून जातं. तो, तक्रार फेटाळली गेली तर करायच्या अपिलासाठी, खिशात ठेवा. तसंच सहा दिवस बंद राहिलेल्या सेवेच्या भाड्याची सूट ही वेगळी तक्रार, वेगळ्या डॉकेटवर. इथे मिसळली तर दोनशे रुपये सूट देऊन पूर्ण तक्रार 'निकाली' निघते.

पाठवणं आणि पैसे भरणं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कस्टमर केअरला फोन करून डॉकेट नंबर घ्या, कारण ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत पहिली पायरी तक्रार केंद्र आहे आणि डॉकेटशिवाय पुढे अपील होत नाही. मग पत्र त्या नंबरासह ईमेल करा आणि छापील प्रत स्पीड पोस्टने पोच पावतीसह पाठवा. कंपनीचा तक्रार केंद्राचा नंबर आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा पत्ता `tccms.trai.gov.in` वर मिळतो. गुगलवर शोधलेल्या नंबरावर फोन करू नका. तिथे बसलेले ठग बिल कमी करून देतो म्हणत ओटीपी मागतात.

भाड्याचे १,०६०.८२ रुपये २० ऑगस्टच्या आत भराच. वादात नसलेली रक्कम थकली की सेवा बंद करायला कंपनीला आयतं कारण मिळतं. ॲप पूर्णच रक्कम मागत असेल तर 'दुसरी रक्कम' असा पर्याय शोधा, नाहीतर कंपनीच्या काउंटरवर भरा आणि पावतीवर 'वादातील रक्कम वगळून' लिहून घ्या. आणि ऑटो-पे चालू असेल तर ते आजच थांबवा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, पण तो वाचायचा राहिला की ४,१४७.७० निघून जातात आणि मग आपण तक्रारदार न राहता परतावा मागणारे होतो.

उत्तर आल्यावर

बिलिंगच्या तक्रारीला साधारण चार आठवडे धरा, सहाच्या पुढे वाट पाहू नका. उत्तरं ठरावीक असतात. "बिल योग्य आहे" असं एका ओळीत आलं तर त्यात सेशनची नोंद आहे का ते पाहा. नसेल तर उत्तर आलंच नाही असं समजा. "सदिच्छा म्हणून ५० टक्के माफ" असा प्रस्ताव आला तर कारण विचारा, कारण माफी म्हणजे मूळ आकारणी बरोबर होती असं मान्य करणं, आणि खात्याची चुकीची जोडणी तशीच राहिली तर ऑगस्टचं बिलही अंदाजावरच येईल. पूर्ण मान्य झालं तर क्रेडिट नोट मागा. नुसतं 'पुढच्या बिलात बघू' चालत नाही. तक्रार मान्य झाल्यावर एका आठवड्यात खात्यावर वजावट दिसायला हवी.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे 'तक्रार निकाली' हा मेसेज. आपल्याला वाटतं चुकून आला असेल, पुन्हा नवी तक्रार टाकू. पण अपिलाला ३० दिवसांची मुदत असते, आणि ती त्या तारखेपासून धरणंच सुरक्षित. नव्या डॉकेटच्या मागे फिरताना जुनी मुदत संपते. मेसेज आला की तारीख लिहून ठेवा, एकदा लेखी हरकत घ्या आणि आठवड्यात काही हललं नाही तर थेट अपील करा. अपिलाला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. अपिलात पत्राचीच प्रत, डॉकेट, मिळालेलं उत्तर आणि आता तो ४३८ रुपयांचा हिशेब, 'पर्यायी म्हणून' असं स्पष्ट लिहून.

ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिला लिहिण्यात वेळ घालवू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मात्र अपिलाच्या बरोबरीने वापरता येतो, कधी कधी तेवढ्यानेच कंपनीचा वरचा माणूस फोन करतो. अपीलही फेटाळलं गेलं तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कुणी सांगेल. २००९ च्या निकालामुळे तसं मानलं जायचं, पण सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अजय कुमार अगरवाल प्रकरणात ग्राहक आयोगाचा अधिकार मान्य केला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, त्यामुळे कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत की दिल्लीत याने फरक पडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तीन हजारांसाठी आयोगात जावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. सेशनची नोंद लेखी मागून ती मिळाली नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे.